लेकीच्या चित्रात बाबाला हातच नाहीत, याचा अर्थ काय? (फोटो टाकलाय)

मीनल_मानेवाडा
नमस्कार मंडळी. फोटो जोडलाय तो बघा आधी. लेक साडेपाच वर्षांची आहे, केजी टू आत्ताच संपलं. हे चित्र तिने समर कॅम्पात काढलं आणि तिथल्या मॅडमनी मला रात्री व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, खाली फक्त एवढंच, "घरी सगळं ठीक आहे ना? एकदा येऊन भेटा." झालं, माझी झोप उडाली. मधोमध मी आहे (भली मोठी), माझा हात धरून ती स्वतः, वर हवेत आजी, आणि उजव्या टोकाला बाबा. बाबाला हातच नाहीत. मागे खिडकीत पिंजऱ्यासारखं काहीतरी आहे आणि सगळ्यांच्या डोक्यावर काळं गिचमिड. फॅमिली ग्रुपवर टाकलं तर नणंदेने एक रील पाठवली की मुलं ज्याचे हात काढत नाहीत त्याची त्यांना भीती वाटते. मिस्टर बुटीबोरीला शिफ्टला असतात, दमून येतात, पण पोरीवर आजवर आवाज चढवलेला नाही. ते काल रात्रीपासून गप्प आहेत. कोणाला यातलं काही कळत असेल तर खरं काय ते सांगा.

संत्राबर्फी
पिंजरा नाही हो ताई, कूलर आहे तो! चौकोनात उभ्याआडव्या रेघा म्हणजे जाळी, खाली निळं आहे ते पाणी, आणि त्या पाण्यात गोल काढून त्याला शेपूट लावलंय तो पंप अन् त्याची वायर. मे महिन्यात नागपूरच्या पोट्टीनं खिडकी काढली अन् कूलर नाही काढला, तर मी म्हणेन जा बाप्पा मॅडमला भेटायला.

मीनल_मानेवाडा
अय्या हो! कूलरच आहे. आमचा पंप परवाच बिघडला होता, हे कूलर उघडून बसले होते आणि ती बाजूला उकिडवी बसून बघत होती.

पुण्याचा_पाहुणा
कूलर मान्य. पण बाकीच्या गोष्टींचं काय? मी ऑफिसतर्फे एका वर्कशॉपला गेलो होतो, तिथे मुलांच्या चित्रांवर अख्खं सेशन होतं. काळा रंग म्हणजे भीती किंवा दबलेला राग, हात नसणं म्हणजे त्या व्यक्तीचा आधार वाटत नाही, माणसाचा आकार म्हणजे घरातली सत्ता, आणि हवेत तरंगणारी व्यक्ती म्हणजे मुलाच्या मनात ती दूर गेलेली आहे. मी घाबरवत नाहीये, पण कॅम्पवाल्या मॅडमना काहीतरी दिसलं असेल म्हणूनच त्यांनी बोलावलं ना.

खापरी_मेट्रो
आई सगळ्यात मोठी म्हणजे सत्ता तिच्याकडे, हे कळायला चित्र कायले पाहिजे बे? कोणत्याही नवऱ्याले विचार.

मीनल_मानेवाडा
आजी दूर वगैरे काही गेलेली नाही, आत्ता आत वरणाला फोडणी देऊन राहिली आहे. वास येतोय.

रंगपेटी
ताई, रेषेवर हात चांगला आहे हिचा, पण प्रपोर्शन कच्चं आहे. आत्तापासून क्लास लावा म्हणजे पुढे एलिमेंटरी, इंटरमिजिएटला ग्रेड चांगली येते. मानेवाड्यात बॅच आहे, संध्याकाळी ५ ते ६. हात कसे काढायचे ते पहिल्याच महिन्यात शिकवतो.

खापरी_मेट्रो
घ्या, विषय मिटला. बाबाले हात मिळतील, फक्त फी भरा.

रेघोटी_काकू
मीनल, आधी दोनतीन गोष्टी विचारते, मग बोलू. मी बालमार्गदर्शन केंद्रात मुलांच्या तपासण्या करायचे, आता निवृत्त आहे. चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे बघितलेत.

हा फोटो कागदाचा पूर्ण आहे का? मला खालची कड दिसत नाही, म्हणजे क्रॉप केलाय किंवा मोबाईल तिरका धरलाय. रात्री फ्लॅश मारून काढलाय हेही दिसतं, कारण मधे पांढरा डाग आहे आणि कडा काळवंडल्यात. अशा फोटोत गडद जांभळं, गडद निळं, चॉकलेटी सगळं काळंच दिसतं. मेणखडूला चकाकी असते, त्यामुळे आणखीनच. तेव्हा तो "काळा" रंग काळा आहे हे मी तरी फोटोवरून म्हणणार नाही. मूळ कागद कॅम्पातून मागून घे. मिळाला की दिवसा खिडकीजवळ जमिनीवर ठेव, उन्हाचा पट्टा त्यावर येऊ देऊ नकोस, मोबाईल बरोबर वर आडवा धर, चारही कडा येऊ दे, फ्लॅश बंद. पाठीमागचाही एक फोटो टाक.

आणि तिला काहीही विचारू नकोस अजून. विशेषतः "बाबाला हात का नाहीत" हे तर अजिबातच नाही.

मीनल_मानेवाडा
काकू, ते तर विचारून झालं 🙈 ती म्हणाली, "खिशात आहेत."

संत्राबर्फी
😂😂 जिंकली पोट्टी.

वाडीचा_विन्या
बरोबरच आहे ना, खिशात हात. मग चित्रात खिसे आहेत का?

मीनल_मानेवाडा
खिसे नाहीत.

रेघोटी_काकू
गोड उत्तर आहे, पण तेही जपूनच घ्यायचं. पाच वर्षांच्या मुलाला "का नाही" विचारलं की ते उत्तर तिथल्या तिथे तयार करतं, कारण मोठ्या माणसाने विचारलंय म्हणजे काहीतरी सांगायला हवं. काढताना तिच्या डोक्यात खिसे होते असं त्यावरून म्हणता येत नाही. तू उद्या घाबऱ्या चेहऱ्याने विचारलंस तर ती म्हणेल तुटले, आणि मग नणंदबाई दुसरी रील पाठवतील.

जेसीबी_बाप
विषयांतर करतोय, माफ करा. आमचा पोट्टा सहा वर्षांचा, फक्त जेसीबीच काढतो. कागद कोणताही असो, वाढदिवसाचं कार्ड असलं तरी जेसीबी. त्याचा अर्थ काय घ्यायचा? आणि जेसीबी बाजूनं काढून राहिला तरी चारही चाकं दिसतात त्यात, एका ओळीत. ड्रायव्हरचे पाय पण पत्र्यातून दिसतात.

रेघोटी_काकू
अर्थ एवढाच की तुमच्याकडे रस्त्याचं काम चालू असावं. चाकं चार असतात हे त्याला माहीत आहे, म्हणून चार काढली. या वयात मुलं समोर जे दिसतं त्यापेक्षा जे माहीत आहे ते काढतात. लुके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९२७ साली हे लिहून ठेवलंय. पुढे १९७२ मध्ये फ्रीमन आणि जॅनिकून यांनी मुलांसमोर कप ठेवला, कान मागच्या बाजूला लपलेला, पुढे फूल रंगवलेलं. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारं फूल सोडून दिलं. कपाला कान हवाच! मीनलच्या लेकीच्या कूलरमधलं पाणी आणि पंप त्यातलाच प्रकार आहे. बाहेरून पंप दिसत नाही, पण तो आत आहे हे तिने स्वतः बघितलंय.

पुण्याचा_पाहुणा
मग काकू, तुमच्याच लॉजिकने बघू. मुलं माहीत आहे ते काढतात, तर बाबाला हात असतात हे तिला माहीत नाही का? कपाचा न दिसणारा कान काढतात आणि बापाचे दिसणारे हात सोडतात, म्हणजे काहीतरी कारण असणारच.

खापरी_मेट्रो
पॉइंट आहे बे याच्यात.

रेघोटी_काकू
पॉइंट आहेच. कारण असणार हेही मान्य. पण ते कारण मनात आहे की कागदावर, हे आधी बघायचं. कागद येऊ दे.

मीनल_मानेवाडा
आणला कागद. काकू म्हणाल्या तसा सकाळी बाल्कनीच्या दाराशी ठेवून फोटो काढला, खाली जोडलाय. आणि हे बघा, ते काळं नाहीच! गडद जांभळं आहे, वांग्यासारखं. खालचा भाग मॅडमच्या फोटोत कापला गेला होता, तिथे चपलांची रांग आहे, सात चपला. पाठीमागे काही नाही, फक्त तिचं नाव, त्यातला एक अक्षर उलटं.

वाडीचा_विन्या
सात चपला म्हणजे एक हरवली. आता याचा अर्थ कोण सांगणार?

संत्राबर्फी
देवळाबाहेरून गेली असेल.

रेघोटी_काकू
छान फोटो आलाय. आता डोळे कागदाच्या जवळ ने आणि जिथे दोन रंग एकमेकांवर गेलेत त्या जागा बघ. मेणखडूत कोणता रंग आधी आणि कोणता नंतर हे बऱ्याचदा कळतं. नंतरचा रंग वर चढलेला असतो, आणि फिका खडू गडदावरून फिरवला तर तो गडदाचे कण ओढत नेतो. मला तीन ठिकाणं सांग. जांभळं आणि माणसांचे केस कुठे भिडतात? तुझा हात आणि कूलर? आणि बाबाचे पाय आणि कूलर?

मीनल_मानेवाडा
भिंग घेऊन बसले, सासूबाई हसून राहिल्या. जांभळं सगळ्यांच्या वर आहे, आजीच्या केसांवरून आणि यांच्या डोक्यावरूनही गेलंय. माझा हात पिवळा आहे, तो कूलरच्या कडेपर्यंत येतो आणि कूलरची चॉकलेटी रेघ माझ्या बोटांवरून गेली आहे. यांचा पाय खाली येताना कूलरच्या स्टँडजवळ थोडा वाकडा झालाय, म्हणजे सरळ येत होता आणि मग बाजूला वळला. आणि हो, कूलर आणि कागदाची कड यांच्या मधे जी जागा आहे, त्यात हे उभे आहेत. माझी दोन बोटं मावतील एवढीच जागा.

रेघोटी_काकू
हेच पाहिजे होतं. आता फक्त जे दिसतं ते लिहिते, अर्थ न लावता.

आडवा कागद, मेणखडू. मधे आई, तिचे दोन्ही हात खांद्यापासून सरळ आडवे, झाडूच्या दांड्यासारखे. डाव्या हाताला मुलगी, तिचेही हात आडवे. आईचा उजवा हात काढून झाल्यावर कूलर काढला. कूलरनंतर बाबा, उरलेल्या दोन बोटांच्या पट्टीत. बाबाला डोकं, डोळे, हसरं तोंड, अंग, दोन पाय, मिशी. हात नाहीत. आजी आईच्या वर, रिकाम्या जागेत. आजीला हात आहेत. जांभळ्या गोल गोल रेघा सगळ्यात शेवटी, जोरात काढलेल्या. खाली सात चपला. बस. यातलं एकही वाक्य कोणी खोडू शकत नाही, आणि मॅडमना उत्तर द्यायला एवढं पुरतं.

आता पाहुण्यांच्या प्रश्नाकडे येते. ही मुलगी हात आडवे पसरून काढते, तिला तेवढी एकच पद्धत येते. बाबाला हात काढायचे तर एक हात कूलरमध्ये घुसणार आणि दुसरा कागदाबाहेर जाणार. या वयाची मुलं एका वस्तूच्या जागेत दुसरी वस्तू सहसा घुसवत नाहीत. पाय वळवला बघ, पण स्टँडवर चढवला नाही. त्यात डोकं, अंग, पाय असा क्रम संपल्यावर हातांची पाळी शेवटी येते आणि राहून गेली तर राहते. चार-पाच वर्षांच्या चित्रांत हात राहून जाणं अगदी नेहमीचं आहे. आईचा आकारही तसाच. ती पहिली काढली, तेव्हा कागद मोकळा होता. आजी वर गेली कारण खाली जागा नव्हती. जमिनीची रेघ काढून सगळ्यांना तिच्यावर उभं करणं हे साधारण सातव्या वर्षाच्या आसपास पक्कं होतं.

म्हणजे कारण जागेचं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. खात्री आहे असं म्हणत नाही.

खापरी_मेट्रो
थोडक्यात बाबा घरी उशिरा आले, कागदावर पण उशिरा आले, पार्किंग भेटली नाही.

मीनल_मानेवाडा
हे मी यांना वाचून दाखवलं. कालपासून पहिल्यांदा हसले. म्हणाले मिशी काढली आहे ना, मग झालं.

पुण्याचा_पाहुणा
काकू, तुमचा अनुभव मोठा आहे, पण मग त्या टेस्ट असतात त्या काय खोट्या? माणूस काढायला लावून बुद्ध्यांक काढतात, व्यक्तिमत्त्व बघतात. वर्कशॉपमध्ये त्यांनी हवेतलं थोडीच सांगितलं असेल.

रेघोटी_काकू
दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. गुडइनफ बाईंनी १९२६ साली माणूस काढायची चाचणी केली. त्यात हात आहेत का, बोटं किती, मान आहे का, असे गुण मोजायचे आणि त्या वयाच्या इतर मुलांशी ताडून बघायचं. आपल्याकडे बडोद्याच्या प्रमिला फाटकांनी भारतीय मुलांसाठी ती बसवली, आम्ही तीच वापरायचो. तिथे हात नाहीत म्हणजे एक गुण कमी, बापाची भीती नाही. आणि तोही अंदाजच, एकट्या चित्रावर बुद्ध्यांक आम्ही कधी लिहून दिला नाही.

दुसरी गोष्ट मॅकोव्हर यांची, १९४९. त्यांनी चित्रातल्या खुणांचे स्वभावाशी धागे जोडले, हात नाहीत म्हणजे अमुक, डोळे मोठे म्हणजे तमुक. तुमच्या वर्कशॉपची मुळं तिथे आहेत. नंतर लोकांनी तपासून बघितलं तेव्हा एकेका खुणेचा आणि स्वभावाचा तो संबंध भरवशाने हाती लागला नाही. कॉपिट्झ यांनी १९६८ मध्ये खुणांची यादी केली, पण एकट्या खुणेवरून निष्कर्ष काढू नका हे त्यांनीही बजावलं. रीलमध्ये यादी येते, बजावणं येत नाही.

रंगाचं तुमचं अर्धं बरोबर आहे. मुलांना मुद्दाम सांगितलं की चांगला माणूस रंगव, मग दुष्ट माणूस रंगव, तर दुष्टाला ती बऱ्याचदा काळा किंवा नावडता रंग देतात. पण मोकळ्या चित्रात कोणता खडू हाताला लागला, कोणता मित्राने पळवला, कोणता कागदावर ठसठशीत उमटतो यावर बरंच ठरतं. इथे तर रंग काळा नाहीच.

ओंजळ
इतका वेळ वाचतेय, लिहू की नको वाटत होतं. मला हे हसण्यावारी नेणं पटत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या बाबतीत चित्रामुळेच कळलं. ती परत परत एक दार काढायची आणि दाराला मोठी कडी. आम्ही म्हणायचो छान आहे दार. तिच्या मावशीने एकदा शांतपणे विचारलं, मला सांग ना या चित्राबद्दल, तेव्हा तिने सांगितलं की शिकवणीला जाते तिथले काका दार लावून घेतात. पुढचं लिहीत नाही. चित्राला काही अर्थ नसतो असं म्हणून मोकळं होऊ नका.

संत्राबर्फी
🙏 ताई, मुलगी बरी आहे ना आता?

ओंजळ
हो. मोठी झाली आता.

रेघोटी_काकू
ओंजळ, लिहिलंस ते बरं केलंस. चित्राला अर्थ नसतो असं मी म्हणत नाही. तो अर्थ बघणाऱ्याने घालू नये, एवढंच. तुमच्याकडे कडीने काही सिद्ध केलं नाही, मुलीच्या तोंडच्या वाक्याने केलं. मावशीने "दाराला कडी का" असं विचारलं नाही, "कडी कोण लावतं, ते काका का" असंही विचारलं नाही. "मला सांग ना" म्हणाली आणि गप्प बसली, तेच महत्त्वाचं. असं वाक्य मुलाने उच्चारलं की तिथे चित्र बाजूला ठेवायचं. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख घालून लिहून ठेवायचे, पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही, आणि मदत मागायची. १०९८ वर मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास असते.

उलट बाजूही बघ. कडी काढणारी दहा मुलं घेतली तर त्यातल्या बहुतेकांना नुसती कडी काढायला आवडते, हात पोचायला लागलेला असतो ना. कडीवरून कोणतं मूल कोणतं हे मला आयुष्यात सांगता आलं नसतं.

ओंजळ
ते समजलं. पण काकू, सगळ्यांच्या घरी अशी मावशी नसते. मॅडमनी "एकदा भेटा" एवढं लिहिलं ते मला चुकीचं नाही वाटत. दहा वेळा उगाच बोलावलं तरी चालेल.

खापरी_मेट्रो
दहा वेळा उगाच बोलावलं अन् त्यातल्या दोन घरांत नवराबायको एकमेकांकडे संशयानं पाहू लागले तर? वरती वाचा, मीनलताईंचे मिस्टर रात्रभर गप्प होते. माणसाचा काही गुन्हा नसताना.

ओंजळ
एक रात्र गप्प बसणं आणि मुलीचं काय होतं, हे एका तागडीत तोलू नका.

रेघोटी_काकू
यावर तुमचं दोघांचं एकमत होणार नाही आणि मलाही एकच एक उत्तर देता येत नाही. बोलावणं ठीक. पण "चित्रात असं दिसलं" एवढंच लिहायचं, "घरी ठीक आहे ना" हे रात्री साडेदहाला फोटोखाली नाही. आणि बोलावल्यावर चित्राआधी हे विचारायचं की झोप कशी आहे, खाते का, कोणाकडे जायला अचानक नाही म्हणते का, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय का. असं काही नवीन असेल तर चित्र कितीही हसरं असो, डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायचं.

मीनल_मानेवाडा
यातलं काहीच नाही काकू. झोपते, खाते, हट्ट करते, हे दारातून आत आले की पायाला लटकते.

बरं ऐका, एक केलं. जुन्या कॅलेंडरचं मोठं पान पाठकोरं करून दिलं आणि म्हटलं आपलं घर काढ. दुसरं काही बोलले नाही. यावेळी हे मधोमध, दोन्ही हात पसरलेले, एका हाताला सहा बोटं. आणि आता आजीला हात नाहीत! आजी गॅसच्या शेगडीला चिकटून उभी आहे.

संत्राबर्फी
आता आजीची रील शोधा 😂 शेगडीनं हात गिळले.

पुण्याचा_पाहुणा
पण थांबा. आठवडाभर त्या घरात सगळे "बाबाचे हात, बाबाचे हात" करतायत. पोरगी ऐकतेय. तिने हात काढले ते जागा मिळाली म्हणून की सगळ्यांना हवे होते म्हणून, हे कसं कळणार?

रेघोटी_काकू
पाहुणे, हा तुमचा आजवरचा सगळ्यात चांगला प्रश्न. नाही कळणार. दुसरं चित्र पुरावा म्हणून वापरायचं तर घरात कोणी हातांचं नाव काढायला नको होतं. आजीचे हात शेगडीपाशी गेले हे मात्र कोणी शिकवलेलं नाही, ते माझ्या म्हणण्याच्या बाजूने जातं, थोडंसं.

वाडीचा_विन्या
अन् ते जांभळं काय आहे शेवटी? मले तेच जास्त सतावून राहिलं. सगळे हातामागे लागले.

मीनल_मानेवाडा
त्याचंच सांगायचं होतं. मी विचारलं नव्हतं, तिने आपणहून माझ्या बाबांना सांगितलं की तो पंखा आहे, फिरून राहिला. दोन दिवसांनी कामवाल्या मावशींना म्हणाली ढग आहे. आज कॅम्पात मॅडमसमोर मी कागद ठेवला तर ती मधेच येऊन म्हणाली, "ही कूलरची हवा." मॅडम चांगल्या बोलल्या तशा. त्यांना ट्रेनिंगमध्ये एक पानाची यादी दिली आहे, त्यात हात नसणं पहिल्याच ओळीत आहे. मी काकूंचं वर्णन वाचून दाखवलं, त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या की फोटो घाईत काढला होता, जेवायच्या सुट्टीत, तो रात्री पाठवला. पुढच्या वेळी मूळ कागद देऊ म्हणाल्या. यादी काढून टाकणार का ते काही बोलल्या नाहीत.

रेघोटी_काकू
तिन्ही उत्तरं कागदाच्या मागे पेन्सिलीने लिही, कोणाला आणि कधी सांगितलं त्यासकट. पुढच्या बाजूला काही लिहू नकोस. तिन्हीपैकी खरं कोणतं हे ठरवायची गरज नाही, मुलं एकाच चित्राला रोज नवं नाव देतात. हाताला जोरात गोल फिरवायला मजा येते आणि नाव नंतर सुचतं, असंही असू शकतं.

रंगपेटी
पंखा असेल तर पाती दाखवायला हवी होती. बॅच सोमवारपासून आहे.

जेसीबी_बाप
काकू, आमच्याकडे रस्त्याचं नाही, ड्रेनेजचं काम चालू आहे, पण जवळजवळ ओळखलंत. आजचा फोटो टाकतो, दिवसा खिडकीजवळ काढलाय, चारही कडा आहेत, फ्लॅश बंद. यावेळी जेसीबीच्या फावड्यात त्याची आई बसली आहे. मी विचारलं नाही कायले ते.

खापरी_मेट्रो
शहाणा आहेस. विचारू पण नको, अन् बायकोले दाखवू पण नको.